डेट गेलेलं पनीर, सडके टोमॅटो आणि ‘रिटर्न पिकअप’मध्ये अडकलेला रिफंड: यातून सुटायचं कसं

उन्हाळा लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये माझं एक बिनपगारी काम सुरू होतं. कुणाचं दूध फाटलेलं येतं, कुणाचं पनीर डेट गेलेलं निघतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू फोन हातात धरून वर येतात, "बघ की रे, उद्या माणूस न्यायला येतो म्हणतंय हे, तोवर हे नासकं पनीर मी ठेवू कुठं?" जुळे सोलापुरात आमच्या भागात आता अर्ध्याहून जास्त घरं किराणा ॲपवरून मागवतात, मे महिन्यात दुपारी 42-43 डिग्रीत लक्ष्मी मंडईपर्यंत जाणार कोण, त्यामुळे हा प्रॉब्लेम आठवड्याला एकदा तरी ठरलेला.

आणि प्रॉब्लेम दरवेळी जवळपास एकाच ठिकाणी अडकतो, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय. वस्तू खराब आली हे ॲपलाही कळतं, पण ते पैसे परत द्यायच्या ऐवजी ‘रिटर्न पिकअप’ लावून देतं. मग पिकअपवाला एकतर येत नाही, नाहीतर येतो आणि "खाण्याची वस्तू आम्ही नेत नाही" म्हणून हात हलवत जातो. तिकडे सिस्टीममध्ये ‘पिकअप झालं नाही’ अशी नोंद पडते, रिक्वेस्ट आपोआप बंद होते आणि रिफंडही गेला. लोकांना वाटतं कंपनी फसवतेय. कधी तसंही असेल, पण बऱ्याचदा आपण पहिल्याच स्क्रीनवर चुकीचं बटण दाबलेलं असतं.

माझ्याच घरचं उदाहरण घेतो, कारण त्यात मी स्वतः ही चूक केली होती.

मे महिना, 10 तारीख, शनिवार. संध्याकाळी सात वाजता ऑर्डर आली. डाळ-तेल वगैरे 370 चं, पनीर 95, दही 45, ब्रेड 50, टोमॅटो एक किलो 40, म्हणजे सगळं मिळून 600, त्यावर कूपनचे 60 कमी आणि डिलिव्हरीचे 25 वेगळे. पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि पनीर हातात घेतलं तर पाकीट फुग्यासारखं टम्म. तारीख बघितली तर 8 मे. दोन दिवस आधीच गेलेली. टोमॅटोमध्ये खालचे पाच-सहा पिचून पाणी सुटलेले. दही वरून ठीक दिसत होतं पण तारीख 13 मे, म्हणजे तीनच दिवस शिल्लक.

मी लगेच ॲपमध्ये गेलो, ऑर्डर उघडली, पनीरवर क्लिक केलं, कारण विचारलं तर घाईघाईत ‘क्वालिटी चांगली नाही’ निवडलं. लगेच स्क्रीनवर ‘उद्या 10 ते 1 पिकअप’. मी ओके केलं. इथंच माती खाल्ली.

रविवारी बाराला पोरगा आला, मशीनवर कोड स्कॅन करून बघितला, म्हणाला "दादा हे घेतच नाही, फूड आयटम आहे." त्याची काही चूक नाही, त्याच्या मशीनवर जे येतं तेच तो करणार, त्याच्यावर ओरडून काही मिळत नाही. एक वाजता मेसेज आला, पिकअप पूर्ण न झाल्यामुळे रिटर्न रद्द. पैशाचं नावच नाही.

कारण निवडताना काय होतं

बहुतेक ॲपमध्ये तुम्ही जे कारण निवडता त्यावरून पुढचा रस्ता ठरतो, आणि त्या टप्प्यावर तुमचं म्हणणं माणूस वाचतच नसतो. ‘क्वालिटी आवडली नाही’, ‘नको आहे’, ‘चुकीची वस्तू आली’ असली कारणं कपडे, डबे, चार्जर यांच्याच रस्त्यानं जातात, म्हणजे वस्तू परत आली की पैसे. ‘एक्सपायर झालेलं’, ‘खराब, सडलेलं’, ‘लीक झालेलं’ ही कारणं वेगळ्या रस्त्यानं जातात, तिथं फोटो मागतात आणि वस्तू परत मागत नाहीत, कारण नासकं पनीर परत नेऊन दुकान करणार तरी काय, विकता येत नाही आणि आणायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. शब्द प्रत्येक ॲपमध्ये थोडे वेगळे असतील पण हा फरक जवळपास सगळीकडे दिसतो.

त्यामुळे नियम एकच ठेवा, तारीख गेली असेल तर एक्सपायरचंच कारण, बाकी कितीही राग आला असला तरी. आणि तारीख शिल्लक असून वस्तू नासली असेल तर ‘खराब, सडलेलं’. दोन्ही असेल, जसं माझं पनीर फुगलेलंही होतं आणि डेटही गेलेली, तर डेटवालं निवडायचं, कारण तारीख छापलेली असते, तिच्यावर कुणी वाद घालू शकत नाही. वास येतोय, चव आंबट लागतेय हे फोटोत दिसत नाही.

दुसरं, पूर्ण ऑर्डरवर तक्रार टाकू नका, त्या एकाच वस्तूवर टाका. दोन वस्तू खराब असतील तर दोन वेगळ्या. पूर्ण ऑर्डरवर टाकलं की रक्कम मोठी दिसते, आणि रक्कम मोठी दिसली की तपासणी लागते, पिकअप लागतं, नाहीतर एखादं 50 रुपयाचं कूपन देऊन विषय मिटवतात.

चुकून पिकअप लागलंच असेल तर पिकअपची वेळ येण्याच्या आधी ते स्वतः रद्द करा आणि बरोबर कारण देऊन पुन्हा टाका. वेळ होऊन गेली आणि माझ्यासारखं सिस्टीमनंच रद्द केलं असेल तर काही ॲप त्याच वस्तूवर पुन्हा तक्रार घेत नाहीत, बटण फिकट होऊन बसतं. मग चॅटमधूनच जायला लागतं, ते खाली सांगतो.

वेळेचं मात्र जपा. ताज्या वस्तूंना तक्रारीची मुदत फार छोटी असते, काही ठिकाणी तर त्याच दिवसापुरती, आणि ती त्या वस्तूच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. म्हणून पिशवी आल्या आल्या दूध, दही, पनीर, ब्रेड, अंडी, भाजी एवढं तरी बघून घ्या, डाळ-साखर उद्या बघितली तरी चालते. आमची आई पिशवी तशीच फ्रीजमध्ये ढकलायची आणि तिसऱ्या दिवशी सांगायची "हे कसलं आलंय बघ", तेव्हा काहीच करता यायचं नाही.

फोटो, कारण खरी गडबड इथंच होते

‘फोटो स्पष्ट नाही’ म्हणून नाकारलेले रिफंड मी किती बघितलेत त्याला मोजदाद नाही. आणि खरंच स्पष्ट नसतात. दुधाच्या, पनीरच्या चकचकीत पाकिटावर तारीख ठिपक्याठिपक्यांच्या शाईनं छापलेली असते, वर गारव्यामुळे पाण्याचा थर, त्यात आपण ट्यूबलाइटखाली फ्लॅश मारून फोटो काढतो, मग तारखेच्या जागी पांढरा डाग येणार नाहीतर काय.

असं करा. पाकीट कोरड्या फडक्यानं हळू टिपून घ्या, घासू नका, काही पाकिटांवरची शाई ओली असताना निघून जाते, एकदा माझ्याच हातानं पुरावा पुसला गेलाय. मग पाकीट खिडकीजवळ नेऊन असं तिरकं धरा की उजेड बाजूनं पडेल, फ्लॅश बंद, आणि स्क्रीनवर तारखेवर बोट टेकवून फोकस होऊ द्या. तारखेबरोबर बॅच नंबर त्याच फोटोत आला पाहिजे. दुसरा फोटो अख्ख्या पाकिटाचा, ब्रँड आणि वजन दिसेल असा. तिसरा, पिशवीवर ऑर्डर नंबरचं स्टिकर असेल तर त्याच्या शेजारी वस्तू ठेवून. या तिसऱ्या फोटोमुळे ‘हे आमच्याच ऑर्डरमधलं कशावरून’ हा प्रश्न संपतो. फोटो क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका, व्हॉट्सॲपवरून फिरवून आणलेला तर अजिबात टाकू नका, त्यात तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

तारीख वाचताना पण जरा बघून. पाकिटावर दोन-तीन आकडे असतात, त्यातला एक पॅकिंगचा, एक ‘यूझ बाय’ किंवा एक्सपायरीचा, आणि बॅच नंबरमध्येही कधी कधी तारखेसारखं दिसणारं काहीतरी असतं. काकूंनी एकदा पॅकिंगची तारीख बघून एक्सपायरची तक्रार टाकली होती, ती नाकारली आणि वर त्यांच्या खात्यावर एक नाकारलेली तक्रार चढली. काही पाकिटांवर तारीख थेट नसते, ‘पॅकिंगपासून इतक्या दिवसांत वापरा’ असं असतं, तेव्हा ती ओळ आणि पॅकिंगची तारीख दोन्ही एका फोटोत घ्या आणि मेसेजमध्ये हिशोब करून लिहा, चॅटवरचा माणूस स्वतः मोजत बसणार नाही.

‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूझ बाय’ यात फरक आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-दर्जा उत्तम राहतो, ‘यूझ बाय’ किंवा एक्सपायरी म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत एक्सपायरी किंवा ‘यूझ बाय’ छापणं बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ हे वरून जादाचं, छापलं तर छापलं. त्यामुळे दोन्ही असतील तर एक्सपायरीवाल्याचाच फोटो पुढे करा.

भाजीला तारीख नसते, तिथं वजन दाखवा. मी त्या दिवशी खराब टोमॅटो एका ताटलीत काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, 400 ग्रॅम भरले, आणि शेजारी चांगले टोमॅटो ठेवून एकच फोटो काढला. फक्त सडक्यांचा क्लोजअप टाकला की समोरच्याला एकच टोमॅटो खराब दिसतो आणि पाच रुपये देऊन मोकळे होतात. कोथिंबीर, मेथी नुसती मलूल असेल तर सोडून द्या, आपल्याकडच्या उन्हात डेपोपासून दारापर्यंत येईतो ती माना टाकणारच, पाण्यात ठेवली की उठते. काळी पडून चिकट झाली असेल तर ती सडलेली, तेव्हा जुडी सोडून आतला भाग दाखवा.

दुधाचं वेगळंच. पिशवी वरून चांगली दिसते, तारीख आजचीच असते आणि गॅसवर ठेवलं की फाटतं. इथं फोटोपेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ चालतो, ज्यात पातेल्यातलं फाटलेलं दूध आणि शेजारी कापलेली पिशवी तारखेसकट दिसेल. म्हणून दुधाची रिकामी पिशवी दूध तापेपर्यंत कचऱ्यात टाकायची नाही, ही सवय लावून घ्या. दोन पिशव्या आल्या असतील तर दोन्ही एकत्र ओतू नका, एक फाटलं तर दुसरीवर तक्रार करायला पुरावाच राहत नाही.

आणि दह्यावर पाणी सुटलं म्हणजे दही खराब झालं असं नाही बरं का, ती निवळी आहे, प्रवासात हलल्यामुळे सुटते. झाकण फुगलेलं असेल, वर गुलाबी, हिरवे, काळे ठिपके असतील, दारूसारखा वास येत असेल तर ते खराब. पनीरचं पाकीट फुगतं ते आत जंतू वाढून गॅस धरतो म्हणून, ते तर उघडूच नका, बाहेरूनच बाजूनं फोटो काढा म्हणजे फुगवटा दिसेल. (वेफर्सच्या पुड्या फुगलेल्या असतात त्या मुद्दाम हवा भरलेल्या, त्याची तक्रार घेऊनही एकजण आला होता माझ्याकडे.)

चॅटमध्ये काय लिहायचं

बटणं दाबून काम झालं नाही तर चॅट. आधी यंत्राची ठरलेली उत्तरं येतात, दोन-तीनदा ‘माझा प्रश्न सुटला नाही’ केलं की माणूस येतो. माणूस आला की रामायण लिहू नका, त्याच्यासमोर एकाच वेळी बरेच ग्राहक असतात. मी रविवारी दुपारी दीड वाजता लिहिलं ते असं होतं:

"ऑर्डरमधलं पनीर 200 ग्रॅम, एक्सपायरी 8 मे, डिलिव्हरी 10 मे संध्याकाळी. तक्रार त्याच दिवशी टाकली, तिचा नंबर हा. पिकअपवाल्यानं फूड आयटम म्हणून घेतलं नाही, त्यामुळे रिटर्न रद्द झालं. वस्तू खाण्यालायक नाही, परत नेण्यालायकही नाही. बदली वस्तू नको, कूपन नको, ज्या यूपीआयवरून पैसे दिले त्यावरच रिफंड करा. तीन फोटो जोडलेत."

हिंदीत लिहिलं तरी चालतं, मी बऱ्याचदा तसंच लिहितो. यात कामाच्या गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे जुन्या तक्रारीचा नंबर, कारण रविवारी दुपारपर्यंत तक्रारीची मुदत संपलेली होती आणि नंबर दिला नसता तर ‘वेळ गेली’ एवढं एकच उत्तर आलं असतं. दुसरी म्हणजे पैसे कुठं पाहिजेत ते आधीच सांगणं. नाही सांगितलं तर ते ॲपच्या वॉलेटमध्ये टाकतात. वॉलेटमध्ये लगेच दिसतात हे खरं, तुम्हाला तिथूनच परत मागवायचं असेल तर तेही ठीक, पण काही वॉलेटचे पैसे ठराविक दिवसांनी संपतात आणि बँकेत काढता येत नाहीत. स्क्रीनवर दोन पर्याय येतात तेव्हा ‘झटपट’ लिहिलेलं बटण रंगीत आणि मोठं असतं, दुसरं खाली बारीक. वाचून दाबा.

बदली वस्तू घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्याच दुकानातल्या त्याच खोक्यातलं दुसरं पाकीट येतं. मार्चमध्ये ब्रेडचं असंच झालं, बुरशीच्या बदल्यात बुरशी.

माझा मेसेज वाचून चॅटवरचा माणूस म्हणाला, "सर, वन टाइम एक्सेप्शन म्हणून 50 रुपयांचं कूपन देतो." मी म्हटलं नको, हे एक्सेप्शन नाही, डेट गेलेली वस्तू विकली तर विकणारा जबाबदार हे अन्नसुरक्षा कायद्यातच आहे, 2006 च्या कायद्याचं कलम 27 बघा. हे लिहिल्यावर पाच मिनिटं शांतता आणि मग रिफंड मंजूर. दरवेळी कलम फेकायची गरज नसते, पण डेटचा फोटो हातात असेल तेव्हा ते चालतं. फोटो नसताना कायदा सांगितला की उलट हसतात.

दह्याचं काय केलं

दही एक्सपायर नव्हतं, तीन दिवस बाकी होते. यावर चॅटवाले म्हणतात ‘प्रॉडक्ट इज नॉट एक्सपायर्ड’ आणि विषय बंद. पण नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलंय की ग्राहकाच्या हातात वस्तू पडेल तेव्हा तिच्या एकूण आयुष्याचे किमान 30 टक्के किंवा एक्सपायरीला किमान 45 दिवस शिल्लक असले पाहिजेत. दह्याला 45 दिवस लागू करणं शक्यच नाही, ते 30 टक्क्यांत बसतं. माझ्या दह्यावर पॅकिंग 28 एप्रिल, एक्सपायरी 13 मे, म्हणजे आयुष्य 15 दिवसांचं, त्याचे 30 टक्के साडेचार दिवस. मिळालं तेव्हा शिल्लक तीन. मी हा हिशोब लिहून पाठवला. रिफंड मिळाला नाही, ‘फीडबॅक नोंदवला’ मिळालं. म्हणजे हे हमखास चालतं असं नाही, आणि खरं सांगायचं तर दही चांगलं होतं, आम्ही दुसऱ्या दिवशी कढी करून संपवलं. खाऊन संपवलेल्या वस्तूचे पैसे मागत बसायचं नाही, तेवढी तरी लाज ठेवावी. पण दर आठवड्याला असंच शेवटच्या दिवसांतलं येत असेल तर हा हिशोब लिहून तक्रार टाका.

पैसे कमी का आले

मंजुरीचा मेसेज आला 85.50 चा, पनीर 95 चं असताना. कूपनचे 60 रुपये सगळ्या वस्तूंवर वाटले जातात, 600 वर 60 म्हणजे दहा टक्के, म्हणून पनीरचे साडेनऊ कापले. हे बरोबर आहे, यावर भांडू नका. टोमॅटोचे 40 चे दहा टक्के जाऊन 36, त्यातले 400 ग्रॅम म्हणजे 14.40 आले. डिलिव्हरीचे 25 परत येत नाहीत कारण बाकीचं सामान पोचलेलं असतं. एकूण 99.90. माझा मित्र म्हणतो "काय बे, शंभर रुपयासाठी एवढं करायलास?" त्याला काय सांगायचं, महिन्याला चार वेळा होतंय हे.

यूपीआयवर यायला काही कामाचे दिवस लागतात, मला बुधवारी आले. ॲपमध्ये ‘रिफंड झाला’ दिसतंय आणि बँकेत काही नाही असं झालं तर चॅटवर आरआरएन मागा, हा यूपीआयचा 12 आकडी नंबर असतो, तो घेऊन बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधा. बऱ्याचदा पैसे आलेले असतात, पण ज्या खात्यातून गेले होते त्याच खात्यात, आणि आपण दुसऱ्याच खात्यात बघत बसतो. काकूंचे दोनदा मुलाच्या खात्यात सापडले.

कॅश दिली असेल तर रिफंडसाठी ॲप तुमचा यूपीआय आयडी किंवा बँक खातं विचारतं, ते ॲपच्या आतच भरा. गुगलवर ‘अमुक ॲप कस्टमर केअर नंबर’ असं शोधून फोन लावू नका, तिथं ठगांचे नंबर पेरलेले असतात. पैसे *मिळवायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाका, क्यूआर स्कॅन करा, स्क्रीन शेअर करा म्हणाला की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 लावा, आणि बँकेलाही सांगा.

चॅटवर पण दाद लागली नाही तर

ॲपच्या अगदी खालच्या अटी-शर्तींच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 चे आहेत, त्यात या अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असं आहे, आणि सदोष माल असेल तर विकणाऱ्याला पैसे परत द्यायला नकार देता येत नाही हेही आहे. ईमेलमध्ये चॅटचे स्क्रीनशॉट जोडा, चॅट बंद झाली की ती कधी कधी ॲपमधून गायब होते, म्हणून आधीच काढून ठेवायचे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, किंवा consumerhelpline.gov.in वर ऑनलाइन, मराठीतही बोलता येतं. तिथं तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाचे 340 रुपये महिनाभर अडकले होते, ते असेच सुटले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण पनीरसाठी तिथवर जायची वेळ माझ्यावर तरी आलेली नाही.

अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर केलेली तक्रार वेगळी, त्यानं तुमचे पैसे परत येत नाहीत, पण त्या गोडाऊनवर तपासणी होऊ शकते. एकाच ठिकाणाहून वारंवार डेट गेलेलं येत असेल तर तीही करा. बिल डाउनलोड केलं की त्यावर ॲपचं नाही, विकणाऱ्याचं नाव आणि 14 आकडी एफएसएसएआय नंबर असतो, तोच तक्रारीत द्यायचा. मी माझी जुनी बिलं काढून बघितली तर चारही वेळा विकणारा एकच आणि चारही वेळा वस्तू दुग्धजन्य नाहीतर ब्रेड, आणि ऑर्डर शनिवार-रविवार संध्याकाळच्या स्लॉटची. तेव्हापासून दूध-दही-पनीर चौकातल्या डेअरीतून आणतो आणि ॲपवरून फक्त सुकं सामान.

वारंवार रिफंड मागितला की खात्यावर खूण होते, मग 20 रुपयाच्या वस्तूलाही ‘तुम्ही पात्र नाही’ येतं, फोटो कितीही चांगला असला तरी. मग यंत्राशी भांडत बसू नका, सरळ माणूस मागा आणि फोटो, बॅच नंबर पुन्हा द्या. म्हणूनच एक चपटा बटाटा, दोन मिरच्या याच्यासाठी तक्रारी टाकू नका, खऱ्या वेळेला त्या नडतात.

आणि रिफंड मंजूर झाला असं दिसेपर्यंत वस्तू टाकू नका, कधी कधी दुसऱ्या दिवशी आणखी एक फोटो मागतात. दोन पिशव्यांत गाठ मारून फ्रीजच्या तळाशी ठेवा, वर चिठ्ठी लावा नाहीतर घरातलं कुणीतरी भाजीत घालेल. पैसे मंजूर झाले की पाकीट कात्रीनं कापून मगच घंटागाडीत टाका. मी एकदा तसंच अख्खं टाकलं होतं, आणि घंटागाडीवरची बाई ते बाजूला काढून ठेवायला लागली, चांगलं पनीर आहे म्हणून.